चार ओळींची ओळख

थोरलीचं म्हणणं एवढंच होतं की, माणसानं मागावं तर तोंड उघडून मागावं. समोर बसावं, इकडचं तिकडचं बोलावं, चहा होऊ द्यावा आणि मग हळूच विषय काढावा. भाचीनं तसं काही केलं नाही. तिनं मोबाइलवर मेसेज धाडला, तोही दोन तुकड्यांत, आणि पहिल्या तुकड्याच्या शेवटी लिहिलं, ‘मावशी, तुला अवघड वाटत असेल तर बिनधास्त नाही म्हण. मला मुळीच राग येणार नाही.’

राग येणार नाही म्हणे. जिचं शेंबडं नाक थोरलीनं आपल्या पदरानं पुसलं, ती पोरगी आता थोरलीला नाही म्हणायची मोकळीक देत होती.

थोरली म्हणजे तिघी बहिणींतली सगळ्यात मोठी. मधली परगावी, आणि धाकटी दोन वर्षांपूर्वी गेली. ही भाची त्या धाकटीची. थोरलीचं शिवणकामाचं दुकान एके काळी असं चालायचं की, कापड बेतायच्या टेबलाभोवती माणसांना कोपर हलवायला जागा नसायची. आता दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. टेबल मात्र तिनं विकलं नाही, राहत्या खोलीत आणून ठेवलं. खोली टेबलाला पुरत नव्हती, पलंग भिंतीला चिकटवावा लागला. त्या लांबलचक टेबलाच्या एका कोपऱ्यावर थोरली जेवायची. उरलेलं टेबल रोज पुसायची. त्यावर धूळ बसायची, पण दुसरं कुणी बसत नव्हतं.

तिनं चष्मा चढवला आणि मेसेज पुन्हा वाचला. तिची शाळा चौथीपर्यंतच. अक्षरावर बोट ठेवूनच वाचायची, पण एकदा वाचलेलं विसरायची नाही.

पहिला तुकडा तिच्यासाठी होता. शेवटची ती ओळ सोडली तर तो असा: ‘मावशी, मोठ्या हॉस्पिटलच्या लिनन विभागाचे साहेब तुझ्या हाताखाली शिकले असं तू नेहमी सांगतेस. त्यांची भेट मिळाली तर माझं फार मोठं काम होईल. चादरी, गाऊन, पडदे, सगळी वर्षाची खरेदी ते या महिनाअखेर ठरवतात. मी परस्पर फोन केला तर तिथला शिपाईसुद्धा उचलणार नाही. तू त्यांना आधी विचारशील का, मला भेटायला तयार आहेत का? खाली चार ओळी वेगळ्या लिहून पाठवते. त्या जशाच्या तशा पुढे पाठवल्यास की झालं, तुला काही लिहीत बसावं लागणार नाही.’

दुसरा तुकडा म्हणजे त्या चार ओळी.

‘मी पेशंटचे कपडे शिवते. माझी आई सात महिने अंथरुणाला खिळून होती. गाऊन बदलताना तिला उचलावं लागायचं आणि ती कळवळून ओरडायची. म्हणून मी खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत उघडणारा गाऊन बेतला. पेशंटला न उचलता एकटी नर्स तो बदलू शकते. एका छोट्या नर्सिंग होममध्ये वर्षभर तो वापरात आहे, तिथल्या मेट्रन बोलायला तयार आहेत. तुमच्याकडच्या धुलाईत तो टिकेल का, हे तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. वीस मिनिटं दिलीत तर नमुना घेऊन मी तिकडे येईन.’

थोरलीचं बोट ‘ओरडायची’वर अडकलं.

धाकटीच्या आजारपणात ती दर आठवड्याला जात होती. धाकटी चादर गळ्यापर्यंत ओढून, केस विंचरून पडलेली असायची. ‘बरी आहे गं ताई,’ म्हणायची, आणि उलट थोरलीच्याच गुडघ्यांची चौकशी करायची. ओरडायची हे कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीचं ओरडणं थोरलीला आज कळत होतं, तेही परक्या माणसाला लिहिलेल्या चार ओळींतून.

तिनं चष्मा काढला. टेबल पुसलं. मघाशीच पुसलं होतं तरी पुसलं.

*

आता लिनन विभागाच्या साहेबांचं सांगायला हवं.

साहेब दुकानात आला तेव्हा साहेब नव्हता, मिसरूड फुटलेला एक उंच, अबोल शिकाऊ उमेदवार होता. डावखुरा. आधीच्या दोन शिंपी मास्तरांनी त्याला हाकललं होतं, कारण कात्री उजव्या हाताची, आणि हा डाव्या हातानं चालवायला बघायचा. कापड चिरडायचं, रेघ सुटायची. थोरलीनं त्याला ‘डावऱ्या’ नाव ठेवलं, चार शिव्या दिल्या, आणि डावखुऱ्यांची कात्री कुठे मिळते ते शोधायला नवऱ्याला पिटाळलं. कात्री आली, आणि पोराच्या हाताला वाचा फुटली. तो असा बेतायला लागला की, कागदावर आखायच्या आधीच कापड त्याचं ऐकायचं. पुढे तो मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखात्यात लागला, तिथून चढत चढत साऱ्या लिनन विभागाचा मुख्य झाला.

हे सगळं थोरलीनं घरातल्या प्रत्येक कार्यात, प्रत्येक पंगतीत सांगितलेलं होतं. ‘डावऱ्या ना? माझ्या शब्दाबाहेर नाही तो. आजही फोन करतो.’

पहिलं वाक्य कधीकाळी खरं होतं. दुसरं पाच वर्षांपूर्वीपर्यंत खरं होतं.

डावऱ्या वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, फोन करायचा. पण फोन थोरलीच्या नवऱ्याच्या मोबाइलवर यायचा. नवरा बोलायचा, हसायचा, त्याच्या पोराबाळांची नावं घेऊन विचारपूस करायचा. थोरली आतून ओरडायची, ‘माझे आशीर्वाद सांगा.’ झालं तिचं संभाषण. मग नवरा गेला. मेलेल्या माणसाचा फोन कशाला चालू ठेवायचा म्हणून तिनं तो नंबर बंद केला. पुढच्या नव्या वर्षाला फोन आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. थोरलीनं मनात म्हटलं, साहेब झालाय, विसरला. आपण फोन करायचा हे तिच्या डोक्यात आलंच नाही. वडीलधाऱ्यांनी का करायचा? आणि मग विषय निघाला की ती पुन्हा म्हणायची, ‘आजही फोन करतो.’ सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

तेच वाक्य आता फिरून दारात येऊन उभं राहिलं होतं.

‘बघू,’ थोरली भिंतीला म्हणाली. ‘एका शब्दाचं तर काम आहे.’

नवऱ्याच्या जुन्या वहीत डावऱ्याचा नंबर होता. तिनं तो आपल्या मोबाइलमध्ये टाकला. वरती काही लिहायला गेली, ‘अरे डावऱ्या’ एवढं टाइप केलं आणि पुसलं. मोबाइलवर मराठी टाइप करणं म्हणजे काजव्याच्या उजेडात सुई ओवणं. आणि भाचीनं सांगितलंच होतं ना, तुला काही लिहीत बसावं लागणार नाही. माझ्याकडून आलंय म्हटल्यावर आणखी काय हवं? तिनं त्या चार ओळी तशाच, नुसत्या, पुढे ढकलल्या.

उत्तर लगेच आलं. इतकं लगेच की तिला हसू फुटलं. बघा, म्हटलं नव्हतं?

‘आपण कोण? खरेदीच्या चौकशीसाठी कृपया कार्यालयाच्या नंबरवर संपर्क करावा.’

थोरलीनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग त्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला, जसं काही त्याला थंडी वाजत होती.

*

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. मागे शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती.

‘मावशी, माझा मेसेज बघितलास?’

‘बघितला. आंधळी नाही मी.’

‘तसं नाही गं. काही घाई नाही. म्हणजे आहे, महिनाअखेर आहे, पण तुला जमेल तसं.’

‘मोठ्या माणसाला असं उभ्या उभ्या विचारत नाहीत. रीत असते त्याची. विचार चाललाय माझा.’

‘बरं. आणि खरंच, अवघड असेल तर…’

‘पुन्हा तेच म्हणालीस तर फोन ठेवीन.’

भाची हसली आणि तिनंच ठेवला. तिच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं. नर्सिंग होमवाल्यांनी जागा विकायला काढली होती हे तिनं मधल्या मावशीला सांगितलं होतं, थोरलीला नाही. मधलीकडून थोरलीला कळलं होतं. नर्सिंग होम गेलं की भाचीचा एकुलतं एक ठरलेलं गिऱ्हाईक जाणार, शिवणाऱ्या दोघी बायकांना घरी पाठवावं लागणार. एवढं गळ्याशी आलेलं असून पोरगी म्हणत होती, घाई नाही. हे धाकटीचंच. धाकटीही चादर गळ्यापर्यंत ओढून ‘बरी आहे’ म्हणायची.

फोन ठेवल्यावर थोरलीनं मोबाइलमधली नावं एकेक करून पाहिली. नावं भरपूर होती. नवऱ्याच्या फोनमधली बरीचशी कुणीतरी तिच्या फोनमध्ये भरून दिली होती. वकील. वीजवाला. अस्तरवाला. जुने शेजारी. कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची परीक्षा, सगळं तिला ठाऊक असायचं, पण ते नवऱ्यानं फोन ठेवल्यावर सांगितलेलं. ओळखी त्यानं राखल्या होत्या आणि मिजास तिनं केली होती. यातल्या कुणाला आत्ता फोन लावला तर ‘आपण कोण?’ म्हणणार नाही असा माणूस शोधायला ती बसली, आणि चहा निवून त्यावर साय धरली तरी सापडेना.

एक सापडला. गुंडीवाला.

*

गुंडीवाल्याचं दुकान म्हणजे भिंतीभर लहान लहान खण, प्रत्येक खणावर आतल्या गुंडीचा एक नमुना बाहेर टाचलेला. बटणं, टिचबटणं, हूक, नाड्या, इलॅस्टिक, दोऱ्याची रिळं. इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं बाहेर जाऊन श्वास घ्यावा. म्हातारा गुंडीवाला थोरलीला चाळीस वर्षं माल देत आला होता आणि तेवढीच वर्षं तिच्या शिव्या खात आला होता. मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखात्याला दोरा तोच पुरवायचा.

‘या बाई. अलीकडे रस्ता चुकूनसुद्धा इकडे फिरकत नाही तुम्ही.’

‘तुझ्या दुकानात यायला रस्ता लागतो? नाक वळवलं की वास येतो दोऱ्याच्या मेणाचा.’

‘स्टुलावर बसा. काय देऊ?’

‘पांढरा दोरा दे.’

त्यानं दोरा दिला. तिनं तो प्रकाशात धरून पाहिला, पिशवीत टाकला आणि बसून राहिली. गुंडीवाल्यानं वाट पाहिली. एक बाई येऊन ब्लाउजची हुकं घेऊन गेली. एक शिंपी चेनचा नमुना दाखवून भांडून गेला. थोरली बसूनच.

‘आणखी काय देऊ, बाई?’

‘तो डावऱ्या,’ थोरली म्हणाली. ‘येतो का रे तुझ्याकडे?’

‘साहेब? स्वतः नाही येत, माणूस पाठवतात. मी जातो महिन्याकाठी. बसवून चहा देतात. बाई, डावऱ्या म्हणू नका बरं का आता, केस पांढरे झालेत त्यांचे.’

‘माझ्या समोर काळे होते.’

‘तुमच्या तर ते शब्दाबाहेर नाहीत,’ गुंडीवाला भाबडेपणानं म्हणाला. तोही तिनंच सांगितलेलं ऐकत आला होता.

थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आयुष्यात तिनं मापं मागितली होती, उधारी मागितली होती, बहिणीसाठी देवाकडे आयुष्य मागितलं होतं. ते मागणं वेगळं. हे मागायला जीभच उचलेना.

‘त्यानं मला विचारलं, आपण कोण,’ ती म्हणाली.

गुंडीवाला हसेल असं तिला वाटलं होतं. हसला असता तर तिनं त्याला धुऊन काढलं असतं आणि बरं वाटलं असतं. तो हसला नाही. त्यानं गल्ल्यावरचा पंखा जरा तिच्याकडे वळवला.

मग तिनं मोबाइल काढून सगळं दाखवलं. भाचीच्या चार ओळी, तिनं पुढे ढकललेल्या, आणि खालचं ते उत्तर.

‘यात तुमचं नाव कुठंय?’ गुंडीवाला म्हणाला.

‘माझ्या फोनवरून गेलंय की.’

‘त्यांना काय माहीत कुणाचा फोन? बाई, दिवसाला दहा जण येतात हे घ्या, ते घ्या म्हणत. पोरीनं चिठ्ठी चोख लिहिलीय, पण चिठ्ठी चालते ती आणून देणाऱ्याच्या तोंडावर. तुम्ही तोंडच दाखवलं नाहीत. आधी विचारायचं, बाबा, मी अमकी, माझी भाची आहे, तुझी हरकत नसेल तर पाठवते. मग पाठवायचं.’

‘तू मला शिकव आता.’

‘नाही शिकवत. बटण देऊ का एखादं?’

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत बसलं होतं.

‘तुझ्याशी तो ओळख ठेवून आहे,’ थोरली शेवटी म्हणाली, समोरच्या खणाकडे बघत. ‘तू त्याला सांग. माझ्याबद्दल. म्हणजे, माझी ओळख करून दे त्याच्याशी.’

ज्या माणसाला तिनं कात्री धरायला शिकवलं, त्याच्याशी तिची ओळख दोरा विकणाऱ्यानं करून द्यायची. वाक्य तोंडातून गेलं तेव्हा तिला वाटलं, आता स्टुलावरून उठता येणार नाही.

‘देतो की,’ गुंडीवाला म्हणाला. ‘पण मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा. माझे शब्द नकोत, मी काहीतरी वेडंवाकडं बोलेन. चार ओळी द्या, तशाच धाडतो.’

‘लिही,’ थोरली म्हणाली आणि सरसावून बसली. ‘लिही की, मी शिवणकामाच्या दुकानाची मालकीण, चाळीस वर्षं ते सांभाळलं, बावीस उमेदवार तयार केले, त्यातला तू सगळ्यात मठ्ठ, दोन डाव्या बाह्या कापल्या होत्यास एका गिऱ्हाइकाच्या कोटाला, ते कापड मी भरून दिलं…’

गुंडीवाल्यानं टाइप करणं थांबवलं. ‘बाई, हे वाचता वाचता ते निवृत्त होतील. आणि त्यांचे मेसेज कधी कधी केबिनमधला कारकून बघतो. दोन डाव्या बाह्या त्याला कशाला कळायला हव्यात?’

‘खरं आहे ते.’

‘खरं आहे, पण चारचौघांत वाचलं तर चालेल असंच लिहावं. पोरीनं बघा कसं लिहिलंय.’

थोरलीनं भाचीच्या ओळी पुन्हा बोटानं वाचल्या. प्रत्येक वेळी ‘ओरडायची’पाशी बोट थांबायचं, तसं थांबलं. त्यात कुणाची बढाई नव्हती. कोण, काय केलं, तुमच्याकडेच का, किती वेळ. आपल्या दुःखालासुद्धा पोरीनं एका ओळीपुरतंच कापड दिलं होतं. बेतणारीची जात, एक सूत जादा नाही. आणि वर ती ‘राग येणार नाही’ची ओळ. काल ती अपमान वाटली होती. आज या स्टुलावर बसून उमगलं की, मागणारानं मागचं दार उघडं ठेवलेलं असलं तर देणाऱ्याला पुढच्या दारानं आत यायला बरं पडतं.

‘पुसून टाक सगळं,’ ती म्हणाली. ‘लिही. तुला डावखुऱ्यांची कात्री आणून दिली ती बाई मी. आमचे हे गेले, त्यांचा नंबर बंद झाला, आता हा माझा. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीबद्दल एक विचारायचं आहे. वेळ नसेल तर राहू दे.’ ती थांबली. मग नाक वर करून म्हणाली, ‘राग नाही, असंही लिही.’

गुंडीवाल्यानं लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि वरती स्वतःची एक ओळ घातली: बाई आत्ता माझ्या दुकानात बसल्या आहेत, विचारून सांगतो म्हणालो आहे.

‘ते कशाला?’

‘माझं तोंड नको का दिसायला?’

*

उत्तर त्या दिवशी आलं नाही. थोरलीनं मोबाइल टॉवेलखालून काढून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि कोपऱ्यावर बसून जेवली. एवढ्या मोठ्या टेबलावर तो पाव विटेएवढा मोबाइल, आणि ती. मध्येच उजळायचा. गॅसवाला. बँक. कुणी ‘सुप्रभात’ची फुलं पाठवली होती. तिनं ती फुलं पहिल्यांदाच नीट बघितली.

‘नाही म्हण, पण म्हण,’ ती मोबाइलला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना गुंडीवाल्याचा फोन आला. ‘बाई, साहेबांनी मला फोन केला. मालक गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. दोन वर्षं नव्या वर्षाला फोन लावत होते, नंबर अस्तित्वात नाही म्हणायचं. त्यांना वाटलं तुम्ही कुठे मुलाकडे वगैरे गेलात.’

‘मुलगा कुठंय मला?’

‘तेच म्हटलं मी. तुमचा नंबर दिलाय. ते लिहितील.’

थोरली ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. दोन वर्षं कुणीतरी तिच्या घरी फोन लावत होतं. ती इथेच होती, या टेबलाशी, साहेब विसरला म्हणत.

संध्याकाळच्या आत मेसेज आला. मोठा नव्हता.

‘बाई, तुम्ही असाल असं ध्यानातही आलं नाही. मालकांचं ऐकून काय लिहावं कळत नाही. ती कात्री माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता तिनं नुसत्या पार्सलच्या दोऱ्या कापतो. भाचीला पाठवा. आदल्या मेसेजमधल्या गाऊनचं तेच ना? वाचलं होतं. मंगळवारी दुपारी वीस मिनिटं मोकळी आहेत. माल घेईनच असं नाही, पण बघून खरं काय ते सांगेन.’

थोरलीनं ते वाचलं, आणि ‘दोऱ्या कापतो’पाशी तिला कसंसंच झालं. तोही एका मोठ्या टेबलाशी एकटाच बसत होता म्हणायचा.

मग तिनं करायचं ते रीतसर केलं. दोघांना एकत्र जोडून मेसेज लिहिला. टाइप करायला तिला जेवणाएवढा वेळ लागला. ‘डा’ लिहून पुसला, ‘साहेब’ लिहून पुसलं, शेवटी त्याचं शाळेतलं नाव लिहिलं, जे तिला अजून पाठ होतं. ‘ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. हात बहिणीसारखा चोख. हे माझ्याकडे शिकलेले, आता लिनन विभाग सांभाळतात. मंगळवारी दुपारी भेटा. पुढचं तुम्ही दोघं बोला.’

भाचीचं उत्तर कढईत मोहरी तडतडावी तसं आलं. आधी साहेबांना धन्यवाद, मंगळवार पक्का, कुठल्या दारानं येऊ. आणि मग, ‘मावशी, तुझे खूप खूप आभार. आता तुला मधून मोकळं करते, उगाच तुझा फोन वाजत राहायला नको.’

त्यानंतर मोबाइल गप्प झाला. ते दोघं आपसात बोलत असणार, वेळ, दार, नमुने. थोरलीच्या टेबलावर मात्र चिटपाखरू नव्हतं. पूल बांधून द्यावा, दोन्हीकडची माणसं त्यावरून चालू लागावीत आणि बांधणारानं खाली नदीत उभं राहावं, तसं तिला वाटलं.

वाजला असता फोन, तर काय बिघडलं असतं?

मंगळवार आला आणि गेला. बुधवारही गेला. गुरुवारी थोरलीनं मधलीला फोन करून सांगितलं, ‘काम सरो, वैद्य मरो. आजकालची मुलं.’ मधली म्हणाली, ‘कामात असेल गं.’ थोरली म्हणाली, ‘मीही कामातच आहे,’ आणि टेबल पुसायला घेतलं.

*

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. भाची उभी होती. खांद्यावर भलीमोठी पिशवी, घामानं चिकटलेले केस, एक पाय आत आणि एक बाहेर.

‘मावशी, फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून आले. पाच मिनिटंच आहेत, खाली रिक्षा थांबवलीय.’

उभ्या उभ्याच ती सांगू लागली. साहेबांनी वीस मिनिटांचा तास केला. गाऊन उलटा केला, शिवणी नखानं ओढून पाहिल्या. खांद्याच्या नाड्या पाहून मान हलवली. त्यांच्या धुलाईच्या मोठ्या मशीनमध्ये नाड्या एकमेकींत गुंततात, शंभर गाऊनांचा एक दोरखंड होऊन बाहेर येतो. टिचबटणं लावली तर प्लास्टिकची वाफेच्या इस्त्रीत वितळतात. धातूची लावली तर पेशंटच्या पाठीला रुततात, एक्स-रेतही मध्ये येतात. वर्षाची खरेदी नाहीच म्हणाले. या वर्षी तरी नाही.

थोरलीनं पुढचं ऐकून घेतलंच नाही. ‘म्हणजे नाही म्हणाला.’

‘थांब ना. मग खण उघडून ती कात्री काढली त्यांनी. नाड्या कापून टाकल्या, आणि एका कडेची पट्टी दुसरीवर अशी आत दुमडून दाखवली की बटणही नको आणि नाडीही नको. कापडाच्या वजनानंच बसते. मला सुचलंच नव्हतं. दोन दिवस तेच शिवत होते, म्हणून आले नाही. आधी करून बघितलं, मग आले.’ तिनं पिशवीतून गाऊन काढून लांबलचक टेबलावर पसरला. कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच त्या टेबलावर कापड पसरलं, आणि ते टोकापर्यंत पुरलं. ‘एका वॉर्डापुरते घेतो म्हणाले. धुऊन बघतील. टिकले तर पुढच्या वर्षी बोलू. दोघी बायकांना घरी पाठवावं लागणार नाही, मावशी. एवढ्यापुरतं तरी नाही.’

थोरलीनं दुमड बोटांनी चाचपली. डावीकडून उजवीकडे जाणारी, डाव्या हाताच्या माणसालाच सुचावी अशी. मग तिनं बाही सरळ केली. गाऊन टेबलावर पडला होता, हात पसरून, पाठ न उचलता उघडणारा.

‘फार ओरडायची का गं ती?’ तिनं विचारलं.

भाचीला कोण ते सांगावं लागलं नाही. तिचा बाहेरचा पाय आत आला.

‘तू आलीस की नाही ओरडायची,’ ती म्हणाली. ‘तू यायच्या आधीच आम्ही कपडे बदलून घ्यायचो. ताईला कळता कामा नये म्हणायची.’

खाली रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. भाचीनं पिशवीचा बंद खांद्यावर सावरला, दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. ‘मावशी, तुझे आभार कसे मानू…’

‘मानलेस की. मेसेजमध्ये. मोकळंही केलंस,’ थोरली म्हणाली. तिनं दुसरी खुर्ची भिंतीपासून ओढली. तिच्यावर घातलेली चादर झटकली, तशी धूळ उडाली. ‘आता ऐक माझं. मागावं कसं ते तुला येतं. चार ओळींत मागतेस, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतेस, काम झालं की येऊन सांगतेस. तुझ्या आईला हे कधी जमलं नाही, मला तर सत्तरी उलटल्यावर त्या गुंडीवाल्याच्या स्टुलावर शिकावं लागलं. त्यात मी तुला नावं ठेवणार नाही. पण काम नसताना माणसाकडे यावं कसं, ते तुला येत नाही आणि त्या डावऱ्यालाही येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी आलं नाही. रिक्षा सोडून दे आणि बस.’